धागा: ट्रिप टँकचा कागद, एचटूएसचा भोंगा आणि मस्टरची हजेरी

पैनगंगा_काठ
नमस्कार मंडळी. मी उमरखेडकडचा. आखातात जमिनीवरच्या एका रिगवर फ्लोअरमन म्हणून लागलो आहे. सध्या सुट्टीवर गावी आहे, पंधरा दिवसांनी परत जायचं आहे. आमच्या विहिरीत आंबट गॅस आहे, म्हणजे एचटूएस, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू. ट्रेनिंग झालं, कार्ड मिळालं, पण काही गोष्टी अजून डोक्यात नीट बसल्या नाहीत.

पाइप बाहेर काढताना, म्हणजे ट्रिपमध्ये, ड्रिलरने माझ्या हातात कागद-पेन्सिल दिली आणि दर पाच स्टँडनंतर, म्हणजे जोडलेल्या पाइपचे पाच लांब तुकडे निघाले की, ट्रिप टँक या मोजणीच्या टाकीतून विहिरीत किती मड, म्हणजे विहीर भरून ठेवणारा जड चिखल, गेलं ते लिहायला सांगितलं. मला वाटलं, नवीन पोरगा म्हणून हलकं काम दिलं. पण एकदा माझा आकडा जुळला नाही, तर त्याने अख्खं काम थांबवलं आणि मोठ्या साहेबांना बोलावलं. एवढं काय असतं त्या आकड्यात? आणि दुसरं म्हणजे आठवड्यातून एकदा तरी भोंगा वाजतो, सगळे मस्टरला, म्हणजे हजेरीच्या ठरलेल्या जागी, पळतात. ते कशासाठी? आपल्या भागातले बरेच जण या लाइनमध्ये आहेत, म्हणून इथे विचारतो.

वेल्डर_वणी
भाऊ, तू उगाच टेन्शन घेतो. रिगवर बीओपी असतो ना, विहिरीच्या तोंडावरचा मोठा व्हॉल्व्ह. गॅस आला की बटण दाबायचं, विहीर बंद. मी दोन वर्षं वर्कओव्हर रिगवर वेल्डिंग केलं आहे. आणि एचटूएसला सडक्या अंड्याचा वास येतो, तो आला की निघायचं. ड्रिल, म्हणजे भोंगा वाजवून करतात तो सराव, कागदोपत्री असते, ऑडिटवाल्यांना दाखवायला.

कपाशीवाला
ह्या धाग्यावर विचारू का नको, पण रिग म्हटलं म्हणून आलो. आमच्या वावरात बोअर मारायची गाडी येऊन राह्यली पुढच्या हप्त्यात. तिच्यातून बी असा गॅस निघते का? मागं आमच्या गावात जुन्या विहिरीत मोटर काढाले उतरलेला एक जण वर आलाच नाही, त्याले काढाले गेलेला त्याचा भाऊ बी गेला. तवापासून भेव वाटते.

जुना_टूलपुशर
निवृत्त होऊन काटोलजवळ संत्र्याची बाग सांभाळतो आहे, पण आयुष्य रिगवर गेलं. तिघांनाही उत्तर देतो, आधी पैनगंगा.

बाळा, तुला हलकं काम दिलेलं नाही. विहीर बोलायला लागते तेव्हा तिचा पहिला शब्द त्या कागदावर येतो.

हिशोब असा बघ. पाच इंची पाइपचं नुसतं लोखंड मीटरमागे साधारण 3.9 लिटर जागा घेतं. एक स्टँड धर 28 मीटरचा. म्हणजे एक स्टँड बाहेर आला की विहिरीत 110 लिटरची जागा रिकामी होते, पाच स्टँडला 550 लिटर. तेवढं मड ट्रिप टँकमधून आत गेलंच पाहिजे. समज, तुझ्या कागदावर पहिल्या पाच स्टँडला 350 लिटर आलं आणि पुढच्या पाचला पुन्हा 350. मग उरलेल्या 400 लिटरची जागा कोणी भरली? टँकचा व्हॉल्व्ह गळत नसेल आणि कोणी मधेच मड इकडचं तिकडे केलं नसेल, तर ती जागा खालच्या थरातल्या पाण्याने, तेलाने किंवा गॅसने भरली. चौथा कोणी नाही.

हे होतं कसं? मडच्या वजनाने खालचा गॅस दाबून ठेवलेला असतो. पाइप जोरात ओढला, पाइपच्या टोकाच्या बिटला, म्हणजे दगड फोडणाऱ्या दातांना, चिकट माती गुंडाळलेली असली, की हापशीचा दट्ट्या वर आल्यावर पाणी ओढतो तसा बिट खालून गॅस ओढतो. आम्ही त्याला स्वॅबिंग म्हणतो. वर फ्लोअरवर काहीच दिसत नाही. मडच्या टाक्यांतली पातळी वाढत नाही, मोठा पंप तर बंदच असतो. दिसतं फक्त एवढंच की विहीर घ्यायला हवं त्यापेक्षा कमी मड घेते आहे.

आता 400 लिटर म्हणजे दोन ड्रम, त्यात काय, असं वाटेल. साडेआठ इंची भोकात पाच इंची पाइपच्या भोवती ते फक्त 17 मीटर उंचीचं होतं. पण तळाशी 200 बार दाब असेल तर तेवढाच गॅस वर हवेत येईपर्यंत ढोबळमानाने दोनशेपट फुगतो, म्हणजे 80 हजार लिटर. आणि तो हळूहळू फुगत नाही. खाली असताना तासन्‌तास गप्प बसतो, शेवटच्या काही शे मीटरमध्ये एकदम उसळतो आणि वरचं मड बाहेर फेकतो. मड गेलं की दाब गेला, दाब गेला की खालून आणखी गॅस. हाच ब्लोआउट.

म्हणून तुझ्या ड्रिलरने काम थांबवलं ते शंभर टक्के बरोबर केलं. आकडा जुळला नाही की ओढणं बंद. विहीर स्वतःहून वाहते का ते बघायचं. वाहत असेल तर लगेच बंद करायची. वाहत नसेल तरी "बरं झालं" म्हणून पुढे ओढायचं नाही. पाइप परत तळाला नेऊन तळाचं मड वर येईपर्यंत सर्क्युलेशन द्यायचं, म्हणजे पंपाने मड फिरवत ठेवायचं. यात अर्धा दिवस जातो. साहेब लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत.

वेल्डर भाऊ, आता तुमचं. बीओपी पाइपच्या भोवतीची जागा बंद करतो. पाइपच्या आतली वाट उघडीच राहते. बटण दाबलं आणि पाइपचं तोंड फ्लोअरवर उघडं, तर सगळा गॅस तिथूनच येणार, पोरांच्या तोंडावर. वासाचं मी सांगण्यापेक्षा इथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं बरं.

दिग्रसचा_डेरिकमन
काका बरोबर बोलले. पाइपच्या तोंडासाठी फ्लोअरवर सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवलेला असतो, दोन्ही बाजूंना उचलायला दांडे असलेला. पैनगंगा, तुझ्या रिगवर परत गेलास की पहिल्या दिवशी तो बघ. तो उघड्या स्थितीत ठेवलेला पाहिजे. बंद व्हॉल्व्ह वाहत्या पाइपवर बसवायला गेलास तर खालचा जोर त्याला वर ढकलतो, आट्यात बसूच देत नाही. उघडा असला की मड त्यातून वर उडून जातं, तुम्ही भिजता, पण तो बसतो. आटे आवळले की मग किल्लीने बंद करायचा. ती किल्ली कुठे टांगली आहे ते डोळे मिटून सापडलं पाहिजे.

क्रम असा: टूल जॉइंट, म्हणजे पाइपचा जोड, कमरेच्या उंचीला आणून पाइप पकडून ठेवणाऱ्या स्लिप लावायच्या, व्हॉल्व्ह बसवायचा, बंद करायचा, मग ड्रिलर अ‍ॅन्युलर, म्हणजे बीओपीचा पाइपभोवती आवळणारा भाग, बंद करतो आणि दाब लिहायला घेतो. ट्रिप ड्रिलमध्ये स्टॉपवॉच लावतात ते याचसाठी.

एका रिगवर मी ड्रिलमध्ये पाहिलं होतं की व्हॉल्व्ह चकाचक, ग्रीस केलेला, ड्रिल पाइपवर झटक्यात बसला. मग ड्रिलरने विचारलं, "आता ड्रिल कॉलर फ्लोअरवर आहे असं समजा." कॉलर म्हणजे बिटच्या वरचा जाड, जड पाइप, त्याचे आटे वेगळे. जोडायला जो क्रॉसओव्हर लागतो तो खाली पाइप रॅकवर, दुसऱ्या सामानाखाली सापडला. खरी वेळ असती तर तेवढ्यात खेळ संपला असता. आणि कॉलर फ्लोअरवर येतात त्या ट्रिपच्या शेवटी, म्हणजे विहिरीत पाइप सगळ्यात कमी असतो तेव्हा.

डॉ_वऱ्हाडी
मी तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो, रिगचं मला काही कळत नाही. पण वासाबद्दलचा गैरसमज इथे तसाच राहायला नको.

एचटूएसचा वास अगदी थोड्या प्रमाणात, एक पीपीएमच्याही, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एका भागाच्याही, खाली येतो. अडचण पुढे आहे. 100 पीपीएमच्या आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच काही मिनिटांत बधिर होते. म्हणजे माणसाला आधी वास येतो, मग येईनासा होतो आणि तो समजतो की गॅस गेला. प्रत्यक्षात गॅस वाढलेला असतो. 500 च्या पुढे चक्कर, तोल जाणं, बेशुद्धी. 700 ते 1000 च्या घरात एक-दोन श्वासांत माणूस खाली कोसळतो, श्वास थांबतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही. पेशींना ऑक्सिजन वापरताच येत नाही, त्यामुळे आजूबाजूला हवा असूनही गुदमरतो.

कपाशीवाले दादा, तुमच्या गावातल्या विहिरीत बहुधा हा गॅस नव्हता. जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत कार्बन डायऑक्साइड साचतो, ऑक्सिजन कमी होतो, त्याला वासही नसतो. पण दोन्हीकडे मरणाची रीत एकच: पहिला पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो.

कपाशीवाला
डॉक्टरसाहेब, आमचे म्हातारे सांगत की आधी कंदील सोडून पाहावा, विझला त उतरू नये. ते बरोबर हाये का मंग?

डॉ_वऱ्हाडी
कंदील विझला तर उतरू नये, एवढं खरं. पण कंदील जळत राहिला म्हणजे उतरायला हरकत नाही, हे खरं नाही. एचटूएस माणूस मारण्याइतका असला तरी ज्योत जळतच राहते. आणि आत मिथेनसारखा जळणारा गॅस असेल तर कंदीलच घात करेल. मोटर वर ओढून काढा, माणूस खाली सोडू नका.

जुना_टूलपुशर
कपाशीवाले, पाण्याच्या बोअरची गाडी आणि आमची रिग यांत फार फरक आहे. दोन-चारशे फुटांवर आपल्याकडच्या काळ्या दगडात तुम्हाला हा गॅस भेटायचा नाही. तुमच्या गाडीवर भीती आहे ती कंप्रेसरच्या होजची आणि फिरणाऱ्या रॉडमध्ये धोतर-दुपट्टा अडकण्याची. पोरांना लांब ठेवा.

पैनगंगाने मस्टरचं विचारलं होतं, ते राहिलं. त्यासाठी एक घडलेली गोष्ट सांगतो, कारण त्यात ट्रिप टँकचा कागद आणि मस्टर दोन्ही आहेत.

23 डिसेंबर 2003, चीनमधल्या चोंगचिंगजवळचा काइश्यान तालुका. लुओजिया 16एच नावाची गॅसची विहीर, खोली चार हजार मीटरच्या पुढे, गॅस आंबट. डोंगराळ भाग, आजूबाजूला शेतकऱ्यांची घरं. त्या दिवशी पाइप बाहेर काढत होते. काढण्याआधी जितका वेळ सर्क्युलेशन द्यायला हवं होतं तितकं दिलं नाही, म्हणजे मडमध्ये आधीच मिसळलेला गॅस आतच राहिला. मग ओढताना ठरल्याप्रमाणे वेळच्या वेळी विहीर मडने भरली नाही. मडची पातळी उतरली, दाब कमी झाला. आणि पाइपच्या तळाशी आतून गॅस वर येऊ नये म्हणून जो एकमार्गी व्हॉल्व्ह असतो तो त्यांनी आधीच काढून टाकलेला होता. रात्री दहाच्या सुमारास विहीर उसळली आणि पाइपच्या आतून फुटली. वेल्डर भाऊ, बीओपी तिथेही होता.

243 माणसं गेली. त्यात रिगवरचे अगदी थोडे, बाकी सगळे आसपासच्या वस्त्यांतले, कित्येक झोपेतच. एचटूएस हवेपेक्षा जड. थंडीच्या रात्री वारा पडलेला असला की तो उताराने खोलगट भागात जाऊन साचतो, नेमकी तिथेच घरं. रिगवरच्या लोकांना भोंगा होता, कुठे जायचं ते माहीत होतं. गावाला कोणी काय शिकवलं होतं?

आणखी एक गोष्ट. विहीर पेटवली असती तर एचटूएस जळून सल्फर डायऑक्साइड झाला असता. तोही विषारीच, पण गरम होऊन वर जातो आणि विरतो. पेटवायला दुसऱ्या दिवशी दुपार उजाडली, म्हणजे सुमारे अठरा तास गेले.

सौ_मूर्तिजापूर
वाचून पोटात गोळा आला. माझे मिस्टर रिगवर क्रेन ऑपरेटर आहेत, 28 दिवस तिकडे, 28 दिवस घरी. काका, पेटवण्याचा निर्णय एवढा वेळ का अडतो?

जुना_टूलपुशर
ताई, कारण पेटवलं की रिग गेली. कोट्यवधींची यंत्रसामग्री जळणार, ती सही करायला कोणाचा हात धजत नाही. जो तो वरच्याला फोन लावतो. माझं ठाम मत आहे की आंबट विहिरीवर हा अधिकार लोकेशनवर हजर असलेल्या एका माणसाकडे, त्याच्या नावानिशी, काम सुरू होण्याआधी लिहून दिलेला असावा. चांगल्या कंपन्या असं करतात.

दिग्रसचा_डेरिकमन
काका, इथे थोडं वेगळं म्हणतो. लोकेशनवरचा माणूस घाबरून लवकर पेटवेल तर? अजून फ्लोअरवर माणसं असताना? मस्टरची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय पेटवणं मला पटत नाही.

जुना_टूलपुशर
तुझा मुद्दा खरा आहे. मोजणी दोन मिनिटांत झाली तर हा प्रश्नच येत नाही. ती होत नाही तेव्हा एका बेपत्ता माणसासमोर खालचं अख्खं गाव उभं राहतं. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

म्हणूनच पैनगंगा, मोजणी. मस्टरला पळणं हा निम्मा भाग. आमच्याकडे गेटवर प्रत्येकाचं कार्ड लावायचा बोर्ड असे. एकदा ड्रिलमध्ये यादीत 46 आणि मस्टरला 47 भरले. सगळे हसले, एक जास्तच आहे म्हणून. मी ड्रिल बंद केली नाही. जास्तीचा निघाला पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. ओळखीचा म्हणून गेटवाल्याने कार्ड न लावता आत सोडला होता. तो जर भोंगा वाजताना मड पिटच्या मागे झोपलेला असता, तर आमची यादी 46 पैकी 46 जुळली असती आणि त्याला शोधायला कोणीही गेलं नसतं.

वेल्डर_वणी
काका, वासाचं आणि बीओपीचं मानतो, मला माहीत नव्हतं. पण ड्रिल कागदोपत्री होते हे मी स्वतः पाहिलं आहे. आमच्याकडे सकाळी सांगायचे, चार वाजता ड्रिल आहे. पावणेचारला सगळे चहाचे कप घेऊन मस्टर पॉइंटवरच उभे. शून्य सेकंदात हजेरी. रजिस्टरला सही.

जुना_टूलपुशर
हे मात्र तुम्ही खरं बोललात आणि मला याचा राग येतो. अशा ड्रिलने पोरांना एकच गोष्ट शिकवली जाते, की भोंगा म्हणजे चहा.

दिग्रसचा_डेरिकमन
पण काहीच न सांगता रात्री दोनला वाजवणं यालाही माझा विरोध आहे. मी वर मनोऱ्यातल्या मंकीबोर्ड या फळीवर असतो, बेल्ट लावलेला, हातात पाइप. दचकून माणूस पडला तर? आमच्याकडे ड्रिलरला आधी माहीत असतं, तो पाइप हालत नसताना भोंगा वाजवू देतो, बाकी कोणाला माहीत नसतं. मला हे बरं वाटतं.

जुना_टूलपुशर
चालेल. फक्त ड्रिलरची स्वतःची परीक्षाही कधीतरी व्हायला हवी. ट्रिप टँकचा फ्लोट कोणीतरी गुपचूप हलवायचा आणि त्याला कळायला किती वेळ लागतो ते बघायचं.

पैनगंगा_काठ
सगळ्यांचे आभार. कागदाचं आता लक्षात आलं. एक विचारायचं आहे. एचटूएसचा भोंगा वाजला आणि मी फ्लोअरवर आहे, तर आधी व्हॉल्व्ह बसवायचा की पळायचं? ट्रेनिंगमध्ये दोन्ही सांगितलं.

दिग्रसचा_डेरिकमन
आधी श्वास रोख. मग मास्क. बाकी सगळं नंतर. साधारण 10 पीपीएमला पहिला अलार्म लागतो, म्हणजे हातात वेळ असतो, पण तो मास्कसाठी असतो, विचार करायला नाही. विहीर बंद करायची ज्यांची नेमणूक आहे ते पाठीवर हवेची बाटली लावून थांबतात. तू त्या यादीत नसशील तर पाच मिनिटांचा छोटा एस्केप सेट लावून निघायचं. यादीत आहेस की नाही हे आजच विचारून ठेव.

दाढी ठेवली असशील तर काढ. मास्कची कड दाढीवर बसत नाही, बाजूने गॅस शिरतो. आणि अर्ध्या तासाची म्हणतात ती बाटली जोरात काम करताना अर्धा तास पुरत नाही. शिट्टी वाजली की हातातलं टाकून निघायचं.

कोणी पडलेला दिसला आणि तुझ्या तोंडाला बाटलीचा मास्क नसेल, तर त्याच्याकडे जायचं नाही. हे बोलायला सोपं आहे, तिथे आपलाच जोडीदार पडलेला असतो. पण कपाशीवाल्या दादांच्या गावातला भाऊ असाच गेला.

जुना_टूलपुशर
निघताना वाऱ्याचा झब्बा बघ. वारा तोंडावर घेत जायचं असतं. पण तू रिगच्या वाऱ्याखालच्या बाजूला सापडलास तर सरळ वाऱ्याकडे म्हणजे गॅसच्या लोटातूनच जावं लागेल. तेव्हा आधी आडवं निघून लोटाच्या बाहेर पडायचं, मग वळसा घालून वाऱ्याकडच्या मस्टर पॉइंटवर. सेलर म्हणजे विहिरीच्या तोंडाचा खड्डा, मड पिट, मड गाळणारा शेकर यांच्या जवळून जायचं नाही. बंकहाउसमध्ये मोबाइल आणायला वळायचं नाही.

पैनगंगा_काठ
आता तुम्ही हे लिहिलं म्हणून लोकेशनचा नकाशा मोबाइलमध्ये काढून बघितला. आमचे दोन्ही मस्टर पॉइंट गेटजवळ आहेत, कारण बस तिथे उभी राहते. गेट रिगच्या आग्नेयेला. आणि तिकडे वारा बहुतेक वेळा वायव्येकडून असतो.

जुना_टूलपुशर
मग नेहमीच्या वाऱ्यात तुमचे दोन्ही पॉइंट गॅसच्या वाटेत आहेत. दोन पॉइंट ठेवतात ते वेगवेगळ्या दिशांना असावेत म्हणूनच. हे परत जाण्याची वाट न पाहता आजच तुमच्या सेफ्टी ऑफिसरला नकाशावर खूण करून पाठव. सोबत विचार, गेट बंद करायची वेळ आली तर पर्यायी वाट कुठली.

सौ_मूर्तिजापूर
मीही आत्ताच मिस्टरांना मेसेज केला, तुमचे दोन पॉइंट कुठल्या दिशांना आहेत म्हणून. ते म्हणाले, एक वायव्येला, एक दक्षिणेला, मग विचारलं, "तुला हे कोणी शिकवलं?"

पैनगंगा_काठ
नकाशा पाठवला. उत्तर आलं: नाइट टूलपुशरशी बोलून कळवतो. आलं की इथे लिहीन.